पहिल्या आठवड्यात धडा राहू द्या, आधी घडी बसू द्या

विदर्भात शाळा उघडायच्या दोन दिवस आधी एका नव्या शिक्षणसेवकाने मला त्याचं पहिल्या आठवड्याचं नियोजन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. मुलगा पश्चिम महाराष्ट्रातला, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून थेट यवतमाळ जिल्ह्यातल्या दोनशिक्षकी शाळेत आलेला. अक्षर देखणं, रकाने आखलेले. सोमवारी चाचणी, मंगळवारी मराठीचा पहिला धडा, बुधवारी संख्याज्ञान, असं शनिवारपर्यंत. खाली विचारलं होतं, ‘मॅडम, काही राहिलं का?’

राहिलं होतं ते असं, की तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसणार, आणि सर तिसरीला धडा शिकवत असताना चौथीने काय करायचं हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. त्याला फोनवर जे सांगितलं ते जरा ऐसपैस इथे लिहून ठेवते. दरवर्षी कुणी ना कुणी हेच विचारतं.

सगळ्यात आधी, सोमवार नियोजनातून खोडून टाका. उन्हामुळे आपल्याकडची शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिरा उघडते आणि पहिला दिवस प्रवेशोत्सवाचा असतो. प्रभातफेरी, नव्या पोरांना गुलाबाचं फूल, पुस्तकवाटप, सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, आणि वर पाठवायचे फोटो. यात काही वाईट नाही, गावाला तो दिवस आवडतो. पण त्या दिवशी वर्ग वर्गासारखा नसतो. तुम्ही फक्त नावं ऐका आणि कोण कुणाच्या बाजूला बसतं ते बघून ठेवा.

दुसरी गोष्ट, तिसरीचा पट अकरा असला तरी सात येतील. तेव्हा पेरणी चालू असते. मोठी माणसं पहाटेच वावरात जातात, चौथीतली मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी राहते किंवा त्याला कडेवर घेऊन शाळेत येते. कुणी अजून मामाच्या गावी असतं. म्हणून तुमचा पहिला आठवडा प्रत्येक मुलाच्या बाबतीत वेगळ्या वारी सुरू होतो. गुरुवारी उगवलेल्या पोराचा तो सोमवार असतो. हे आधीच धरून चाललं की चिडचिड होत नाही. आणि कडेवरच्या धाकट्याला परत पाठवू नका. त्याला पाठवलं की ताईही गेली. एक बसकरपट्टी आणि रंगीत खडूचा तुकडा एवढ्यावर तो तासभर काढतो.

आता खोलीतली गोष्ट. धरून चाला की तिसरीत अकरा आणि चौथीत आठ मुलं आहेत, फळा एक, शिक्षक एक. या खोलीत वर्षभर टिकणारी एकच सवय पहिल्या आठवड्यात लागली तरी माझ्या मते आठवडा सत्कारणी लागला. सर दुसऱ्या वर्गाकडे असताना आपलं काम आपण करायचं, ती ही सवय. आम्ही तिला ‘आपलं काम’ एवढंच म्हणतो. हात धुणं, पाणी, रांग या सगळ्या गोष्टी मागून येतात. ही एक बसली नाही, तर तिसरीला ‘हातच्याची बेरीज’ समजावताना चौथीतले चार जण टेबलाशी उभे राहतात, ‘सर, झालं जी’, ‘सर, यानं माझं रबर घेतलं’, ‘सर, पाणी पिऊन येऊ?’, आणि डिसेंबरात तुमचा घसा बसतो.

सवय सांगून लागत नाही. ‘गोंगाट करू नका, आपापलं काम करा’ हे वाक्य मुलांनी अंगणवाडीपासून ऐकलेलं असतं. म्हणून ती धड्यासारखी शिकवायची. मंगळवारी फळ्याच्या मधोमध खडूने उभी रेघ ओढा, डावीकडे तिसरी, उजवीकडे चौथी. चौथीच्या बाजूला असं काम लिहा, जे त्यांना अगदी डुलकी लागली तरी येईल: बिनहातच्याच्या पाच बेरजा, किंवा ‘वावरात दिसणाऱ्या पाच गोष्टी काढा आणि नावं लिहा’. इथेच बहुतेक नवे शिक्षक फसतात. काम अर्थपूर्ण असावं म्हणून ते नवा घटक देतात. मुलं अडतात, अडली की उठतात, आणि पहिल्याच दिवशी उठायची सवय लागते. पहिल्या आठवड्यात बेरीज शिकणं हा हेतूच नाही. शिक्षकाशिवाय पाच मिनिटं बसून काम करता येतं, हे मुलाने स्वतःच्या अंगात अनुभवायचं आहे. वाचता न येणारी एक-दोन मुलं चौथीतही असतात, त्यांना चित्राचं काम द्या. ‘वाचता येत नाही’ हे सगळ्यांसमोर उघडं पाडायची ही वेळ नाही.

मग करून दाखवा. तुम्ही स्वतः मुलाच्या जागेवर पाटी घेऊन बसा. फळ्याकडे बघा, एक बेरीज करा, दुसरीवर अडल्याचं सोंग करा आणि मोठ्याने विचार करा: ‘आता काय करू? आधी पुन्हा फळ्याकडे बघतो. नाही जमत, मग बाजूच्या दोस्ताला हळू आवाजात विचारतो. त्यालाही येत नाही, तर इथे फुली मारतो आणि पुढचं करतो.’ अडल्यावर करायच्या गोष्टी तीनच ठेवा. चौथी गोष्ट सांगितली की पहिली विसरते. मग चुकीचंही करून दाखवा. उठा, टेबलाशी जा, ‘सर, सर, सर’ म्हणून सदरा ओढा. पोट्टे हसून लोळतात, आणि हसता हसता काय करायचं नाही ते त्यांच्या ध्यानात राहतं. त्यानंतर दोन मुलांकडून करवून घ्या, बाकीच्यांना विचारा, ‘काय काय बघितलं?’ मग सगळी चौथी, फक्त पाच मिनिटं. तुम्ही त्या वेळात तिसरीसमोर उभे राहा, पण त्यांना काही अवघड शिकवू नका, एखादी गोष्ट सांगा. अर्धं लक्ष चौथीकडे हवं.

पाच मिनिटं झाली की थांबवा, ती अजून शांत असतानाच. गोंगाट सुरू झाल्यावर थांबवलं, तर गोंगाट केला की काम संपतं असा हिशेब मुलं पक्का करतात. बुधवारी तिसरी आणि चौथी अदलाबदल करा, म्हणजे तिसरीही शिकेल. गुरुवारी आठ मिनिटं, शनिवारपर्यंत बारा-पंधरा. त्यापुढे पहिल्या महिन्यात जाऊ नका.

काम संपलेल्या मुलाचं काय, हे मंगळवारीच ठरलेलं हवं. दर वर्गात दोन मुलं अशी असतात, की ज्यांच्या पाच बेरजा दोन मिनिटांत होतात, आणि सगळी खोली तीच दोघं उधळतात. खिडकीत गोष्टींची दहा-बारा पुस्तकं ठेवा किंवा पाटीच्या मागच्या बाजूला चित्र काढू द्या. ‘झालं की पुस्तक’ एवढं ठरलं की ‘सर, झालं जी’ बंद होतं.

आणि शेवटी तुम्ही त्या कामाकडे बघितलं पाहिजे. बारीक तपासणी नको. फिरत फिरत दोन मिनिटं प्रत्येक पाटीवर नजर टाका, एखाद्याला विचारा, ‘ही फुली कुठं अडली?’ हे टाळलं, तर तिसऱ्या दिवशी मुलं ओळखतात की हे काम फक्त आपल्याला गप्प बसवायला दिलं जातं. मग त्यांचं वागणं तसंच होतं आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

बिघडतंय हे कसं ओळखायचं? आवाजावरून ओळखायला जाऊ नका, थोडी कुजबुज चालते. उठून तुमच्याकडे किती जण आले ते मोजा. मंगळवारी सहा आले आणि शुक्रवारी एक, तर गाडी रुळावर आहे. शुक्रवारीही पाच येत असतील तर मुलांना ओरडू नका, फळ्यावरचं काम बघा. शंभरातल्या नव्वद वेळा ते अवघड झालेलं असतं. दुसरी खूण म्हणजे एकाच पाटीवरून चार पाट्यांवर उतरलेली तीच ती चूक. तिथे कामाचा वेळ वाढवायच्या आधी जागा बदला.

वह्यांचा आग्रह मात्र पहिल्या आठवड्यात धरू नका. पुस्तकं शाळेतून फुकट मिळतात, वह्या घरच्यांनी आणायच्या असतात, आणि पेरणीच्या दिवसांत हातातला पैसा बियाण्याला आणि खताला गेलेला असतो. ‘वही का नाही आणली’ हा प्रश्न पोराला विचारलेला असला तरी त्याचं उत्तर बापाच्या खिशात असतं. पाट्या शाळेतच असतात, त्यांवर आठवडा निघतो.

खोलीत शांतता हवी असेल तेव्हा काय करायचं, तेही ठरवून घ्या. प्रशिक्षणात टाळ्यांचा ठेका शिकवतात, तुम्ही टाळी वाजवायची आणि मुलांनी उत्तर द्यायचं. ठेका छान आहे, पण आपल्या बऱ्याच खोल्यांवर टिनाचे पत्रे आहेत. पाऊस जोरात आला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, टाळ्यांचं काय घेऊन बसलात. म्हणून हात वर. तुम्ही हात वर करून गप्प उभे राहायचं, ज्याला दिसलं त्याने आपला हात वर करायचा आणि तोंड बंद. सगळे हात वर होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. पहिल्या दिवशी हे फार लांबतं, अस्वस्थ व्हायला होतं आणि ‘चला, चूप’ म्हणून ओरडावंसं वाटतं. ओरडलात की हाताचा अर्थ संपला, कारण खरी खूण ओरडणं आहे हे मुलांना कळतं.

चुकलं तर? पुन्हा करायचं, बास. धावत आत आले, तर शांतपणे ‘परत दारापर्यंत जाऊन चालत या’. चेहऱ्यावर राग नको, भाषण नको. गावात एखादा बाप पहिल्याच भेटीत म्हणेल, ‘मारा जी सर खुशाल, आमचं काही म्हणणं नाही.’ तो विश्वासाने म्हणतो, त्याला तिथल्या तिथे कायदा ऐकवून ओशाळवू नका. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई आहे, आणि कान पकडून उभं करणं किंवा वर्गासमोर टिंगल करणं यालाही पळवाट नाही. मी अशा बापाला म्हणते, ‘मारायची गरजच पडत नाही, दादा. तुम्ही फक्त त्याला रोज पाठवा.’

नात्याचं म्हणाल, तर त्यासाठी मी वेगळा तास ठेवत नाही. ते हजेरीत होतं. हजेरीपटावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असतं. तुम्ही फक्त पहिलं नाव घ्या आणि नजर पटावर न ठेवता मुलावर ठेवा. आडनावावरून गाव काय काय ओळखतं ते तुम्हाला माहीत आहे, खोलीत ते रोज मोठ्याने उच्चारायची गरज नाही. वर्गात दोन पूजा असतील, तर पोरं एकीला ‘मोठी’ आणि दुसरीला ‘काळी’ म्हणत असतात. त्या दोघींनाच विचारा, तुम्हाला काय म्हणू? एकीने ‘पूजा’ आणि दुसरीने ‘पूजाराणी’ सांगितलं, तर पूजाराणीच म्हणायचं, आणि हसू दाबायचं. टोपणनाव कितीही गोड वाटलं तरी मूल स्वतः सांगत नाही तोवर ते तुमच्या तोंडी नको.

हजेरीत एक जादा वाक्य घाला. ‘हजर’ म्हणण्याआधी प्रत्येकाने काहीतरी सांगायचं: आज घरून येताना काय दिसलं, घरी कोणतं जनावर आहे, काल काय खाल्लं. एकोणीस मुलांना सहा-सात मिनिटं लागतात. त्यातून तुम्हाला जे कळतं ते कुठल्याही चाचणीत कळत नाही. बैल विकला, बाबा पुण्याला कामाला गेले, आजी दवाखान्यात आहे. मूल ‘मले नाई माईत’ म्हणालं तर तेही चालतं, आणि ‘मला म्हण’ म्हणून ते वाक्य दुरुस्त करू नका. पुस्तकी मराठी त्याला शिकायचीच आहे, वर्ष पडलंय. पहिल्या आठवड्यात त्याला तोंड उघडता आलं पाहिजे. नवे सर सातारकडचे असतील तर त्यांच्या बोलण्यालाही पोरं हसतात. हसू द्या, आणि ‘तुमच्याकडं याला काय म्हणतात?’ असं तुम्हीच त्यांना विचारा.

आमच्या भागात कोलाम आदिवासींच्या वस्त्या, म्हणजे पोड आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. तिथल्या मुलांची घरची बोली वेगळी असते. असं मूल आठवडाभर एक शब्द बोलत नाही आणि शिक्षक पटापट ठरवून टाकतो की याला काही येत नाही. त्याला पाट्या वाटायचं काम द्या, खडू आणायचं द्या, त्याचीच बोली बोलणारा थोरला दोस्त बाजूला बसवा. पाट्या वाटताना ते बरोबर एकोणीस मोजतं का, ते हळूच बघा. संख्याज्ञानाची चाचणी तिथेच झाली.

जेवणाची सुट्टी मला वर्गापेक्षा महत्त्वाची वाटते. खिचडीची चव शिक्षकाने घेऊन नोंद करायची असतेच; ती टेबलाशी उभं राहून चमचाभर घेऊ नका, ताट घेऊन मुलांच्या पंगतीत बसा. पहिल्या दोन दिवसांत नीट बघा कोण कुणाजवळ बसत नाही, कोण आपलं ताट घेऊन भिंतीकडे सरकतं, कुणाला शेवटी वाढलं जातं. यावर भाषण केलं तर ते घरोघरी पोहोचतं आणि उलटतं. मी पंगत हजेरीच्या क्रमाने बसवते, दुसऱ्या दिवशी उलट्या क्रमाने, आणि स्वतः रोज वेगळ्या जागी बसते. कारण कुणी विचारलंच तर ‘हात धुवायला गर्दी होते’ म्हणते, आणि ते खरंही असतं. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना पहिल्याच दिवशी नावाने आणि ‘ताई’ म्हणून हाक मारा. मुलं तुमचं बघूनच त्यांच्याशी बोलणार असतात, आणि गावात कुठल्या घरात काय चाललंय हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

घरभेटी दुपारी करू नका, दाराला कडी असते. वावरातून माणसं परत येतात तेव्हा, साडेसहानंतर जा. रोज दोन घरं पुरतात. आधी न आलेल्या मुलांची घरं घ्या. हातात वही-पेन नको; कागद दिसला की लोकांना वाटतं सर्व्हे आला, आणि उत्तरं सरकारी होतात. मुलाची एक चांगली गोष्ट नेमकी सांगा: ‘काल यानं लहान पोराची चप्पल शोधून दिली.’ ‘हुशार आहे’ हे सगळेच म्हणतात, त्यावर आई नुसती मान हलवते. चप्पल ऐकली की ती मुलाकडे बघते. तक्रार एकही नको, असली तरी. मग एवढंच विचारा, शाळेतून आल्यावर हा कुठं असतो? उत्तरात बकऱ्या असतील, तर गृहपाठ किती द्यायचा ते तुम्हाला कळलं. चहा आला तर प्या.

एक धोका सांगायचा राहिला. दोनशिक्षकी शाळेत जुने सर मुख्याध्यापकाचा प्रभार सांभाळत असतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना पंचायत समितीत सभा लागते, पटाची माहिती द्यायला, गणवेशाच्या कामाला. बुधवारी सकाळी फोन येतो, ‘सर, आज तुम्ही बघून घ्या.’ म्हणजे चारही वर्ग तुमच्याकडे. त्या दिवशी नवं काही काढू नका. सगळ्यांना व्हरांड्यात किंवा मोठ्या खोलीत घ्या, पहिलीच्या प्रत्येक मुलाला चौथीतला एक जोडीदार द्या, आणि मंगळवारी शिकवलेलं ‘आपलं काम’ तेवढं पुन्हा करा. शिवाय तुमचा स्वतःचा फोन खिचडीपर्यंत कपाटात ठेवा. ‘तात्काळ’ म्हणून आलेली माहिती दुपारी भरली तरी पोहोचते.

गुरुवारी-शुक्रवारी नवी मुलं येतील तेव्हा त्यांना तुम्ही शिकवू नका. आधीपासून असलेल्या मुलाला सांगा, ‘याला आपलं काम कसं करायचं ते दाखव.’ जो सगळ्यात जास्त उठायचा त्यालाच हे काम द्या. शिकवताना तो तुमची नक्कल करतो, सोंगासकट.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की दहा मिनिटं एकटे बसा आणि पट न बघता एकोणीस नावं लिहा. प्रत्येकासमोर अभ्यासाबाहेरची एक गोष्ट. जी नावं आठवली नाहीत किंवा ज्यांच्यासमोर काही लिहिता आलं नाही ती बहुतेक गुणी, गप्प मुली असतात. त्रास देणाऱ्यांची माहिती आपल्याला भरपूर असते. सोमवारी हजेरीत सुरुवात त्या नावांपासून करा. चाचणी त्या आठवड्यात घ्या, धडाही तेव्हाच काढा. पोळ्याला आणि दिवाळीला सुट्टी झाली की सवयी निम्म्या विसरलेल्या असतात. तेव्हा परतल्याच्या पहिल्या दिवशी फळ्यावर उभी रेघ ओढून सोप्या बेरजांपासून पुन्हा एकदा करून घ्या. तेव्हा अर्धा तास पुरतो.